महादेवाच्या उत्तरेवर काढलेली पाइपलाइन

लातूर नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांचे फलक आधी आले आणि कचेऱ्या मागून आल्या. मधल्या काळात लोक फलकाखालीच अर्ज देऊन जायचे. पाऊस दोन वर्षं असा रुसला होता की आमच्या मुखेडकडच्या विहिरींत उतरून माणसं पत्ते खेळायची, सावली चांगली पडते म्हणून. ह्यात मी थोडी भर घातली असेल. पत्ते खेळताना मी एकाच विहिरीत पाहिले होते, आणि खेळणाऱ्यांत मी स्वतः होतो.

मी नांदेडला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता आणि पाच-सहा वर्षं घरांचे नकाशे काढत होतो. स्वयंपाकघर इकडं, न्हाणीघर तिकडं, जिन्याखाली बाजरीची कणगी. पाइपचा आणि माझा संबंध नळाखाली घागर लावण्यापुरता होता. पण नव्या जिल्ह्यात नवे नकाशे लागणार असं ऐकून मी लातूरला खोली घेतली आणि दारावर पाटी लावली: 'सर्व प्रकारची ड्रॉइंग'. सर्व ह्या शब्दात काय काय मावतं ह्याचा मी विचार केलेला नव्हता.

पाटी वाचून आले ते अप्पा. अप्पांची तेलाची मिल नांदेड रोडला होती. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, धोतर पांढरं आणि त्यावर करडईच्या तेलाचे डाग. ते डाग अप्पा धुवू देत नसत, धंदा चालू असल्याची ती खूण आहे असं त्यांचं म्हणणं.

"पाइपचं ड्रॉइंग येतं का?"

"येतं म्हणजे काय अप्पा, झोपेत काढतो."

"झोपेत नको. जागेपणी काढा. पाण्याचं काम हाय."

पाण्याचं काम असं होतं. मिलमध्ये बी शेकायला एक मोठा कुकर होता. दुहेरी तळाचं भांडं समजा. दोन तळांच्या मधे बॉयलरची वाफ सोडायची, बी तापतं, मग ते घाण्यात जातं. बी तापवता तापवता वाफ थंड होते आणि तिचं पाणी होतं. हे पाणी चांगलं उकळतं, पावसाच्या पाण्याइतकं स्वच्छ, आणि अप्पांच्या वडिलांच्या काळापासून ते सरळ गटारात जात होतं. गटाराकडेला एक लिंब मात्र असा माजला होता की दुष्काळात अख्ख्या रस्त्यावर हिरवा तेवढा तोच.

बॉयलरला पाणी टँकरनं यायचं, दिवसाला चार. नव्या कचेरीतून कागद आला: येत्या सोमवारपासून कारखान्यांना दोनच. दोन टँकरवर बॉयलर दुपारीच कोरडा पडणार. बॉयलर बंद म्हणजे घाणे बंद, घाणे बंद म्हणजे मिलवरची सगळी माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला जाणार, आणि करडईचा मोसम संपेपर्यंत एकही परत येणार नाही.

"गटारातलं पाणी बॉयलरात परत न्यायचं," अप्पा म्हणाले. "बॉयलरवाला म्हणतो, पाऊण पाणी वाचतं. सोमवारच्या आत लाइन चालू पाहिजे. नांदेडहून फिटर येणार हाय, जुना माणूस. त्याला म्हणलं, सुतळी धरून टाक पाइप. तो म्हणतो, न्हाई, आधी आयसोमेट्रिक आणा."

"बरोबर आहे त्याचं," मी म्हणालो. आयसोमेट्रिक म्हणजे काय ते मला कोर्सात एक दिवस शिकवलं होतं आणि त्या दिवशी मला ताप होता.

त्या रात्री मी जुनी वही काढून बसलो. हे सांगतो कारण पुढं उपयोगी पडेल. घराचा नकाशा म्हणजे छप्पर काढून वरून बघायचं. आयसोमेट्रिक म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात माळ्यावर बसून तिरकं बघायचं. उभा पाइप कागदावर उभाच. आडवे पाइप मात्र दोन्ही बाजूंना तीस अंशांनी कललेले, एका बाजूला उत्तर-दक्षिणेचे आणि दुसऱ्या बाजूला पूर्व-पश्चिमेचे. मापाप्रमाणे लांबी काढायची गरज नाही, माप आकड्यात लिहायचं. अठरा मीटरची रेघ अंगठ्याएवढी असली तरी चालते. हे वाचून मला फार आनंद झाला, कारण मोजून रेघ ओढायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

पण एक गोष्ट सुटली तर सगळं सुटतं. कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. तो कुठं आहे त्यावरून कुठली तिरकी रेघ कुठल्या दिशेला जाते ते ठरतं. बाण चुकला की जग फिरतं.

दुसऱ्या दिवशी टेप, पेन्सिल, वही घेऊन मी मिलवर गेलो. मे महिन्याचा मध्य, बाराचा सुमार. आमच्याकडं त्या दिवसांत ऊन असं डोक्यावर येतं की माणसाची सावली त्याच्या चपलेखाली जाऊन बसते. मी मिलच्या आवारात उभा राहून उत्तर शोधत होतो आणि माझी सावली काही सांगायला तयार नव्हती. होकायंत्र माझ्याकडं नव्हतं. विचारावं कुणाला तर, झोपेत ड्रॉइंग काढणारा माणूस उत्तर विचारतो हे बरं दिसत नाही.

तेवढ्यात आवारातलं महादेवाचं छोटं देऊळ दिसलं. चार माणसं बसली तर पाचव्यानं उभं राहावं एवढंच. आत पिंडी, आणि पिंडीच्या शाळुंकेची पन्हळ, म्हणजे अभिषेकाचं पाणी वाहून जायची ती खाच, एका बाजूला निघालेली. आजोबांनी मला लहानपणी सांगितलं होतं, रानात वाट चुकलास तर महादेवाचं देऊळ शोध, पन्हळ उत्तरेला असते. रानात मी कधी वाट चुकलो नाही. पण मिलच्या आवारात चुकलो होतो. मी पन्हळीच्या रेषेत वहीवर बाण ओढला, महादेवाला नमस्कार केला आणि मनातल्या मनात आजोबांनाही.

मग मोजमाप. कुकरच्या तळातून पाणी खाली निघतं. तिथून पाइप आडवा वळवायचा आणि त्यावर व्हॉल्व्हची रांग लावायची. आधी एक गेट व्हॉल्व्ह, पाहिजे तेव्हा बंद करायला. मग गाळणी, गंज आणि कचरा अडवायला. मग स्टीम ट्रॅप. हा ट्रॅप म्हणजे देवळाच्या दारातल्या कडक पुजाऱ्यासारखा, पाण्याला जाऊ देतो आणि वाफेला आत थांबवतो. त्याच्यापुढं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, वर चढलेलं पाणी परत कुकरकडं उतरू नये म्हणून. मग परत एक गेट व्हॉल्व्ह. आणि ह्या सगळ्या रांगेला वळसा घालून एक बायपास, त्यावर ग्लोब व्हॉल्व्ह, ट्रॅप दुरुस्तीला काढला तर काम अडू नये म्हणून. इथवर पाइप पंचवीस मिलिमीटरचा. तिथून रिड्यूसर लावून चाळीसचा करायचा, तीन मीटर वर चढवायचा, भिंतीकडेनं अठरा मीटर न्यायचा, टाकीकडं किंचित उतार ठेवून, आणि मग वळवून सहा मीटर बॉयलरघराकडं. तिथं उंच स्टँडवर नवी टाकी बसणार, पाणी तिच्या कुशीत शिरणार. टाकी उंच का, तर पाणी ऊन असतं, आणि ऊन पाणी खालून ओढायला लागलं की पंप खोकल्यासारखा करतो. हे मला बॉयलरवाल्यानं सांगितलं. मी मान हलवली, जणू मीच त्याला शिकवलं होतं.

माझ्या बाणाप्रमाणे भिंतीकडेचे अठरा मीटर उत्तरेला जात होते आणि शेवटचे सहा मीटर पश्चिमेला. म्हणजे पाइप टाकीच्या पूर्वेच्या अंगाला येऊन भिडणार. टाकीचं ड्रॉइंगही मलाच काढायचं होतं. टाकी गोल, चार पाय, बुडात मधोमध पंपाकडं जायचं तोंड, आणि वर पूर्वेच्या अंगाला आपल्या पाइपचं तोंड. टाकीच्या ड्रॉइंगवरही मी तोच उत्तरेचा बाण ठेवला. मी एकवेळ चुकेन, पण माझे दोन कागद एकमेकांशी भांडणार नाहीत ह्याची मी खात्री करून घेतली होती. त्याचा फार अभिमान वाटला.

दोन दिवस खोलीत बसून ड्रॉइंग काढलं. सेट स्क्वेअरची तीसची बाजू धरून रेघ, एल्बोवर वळण, वेल्डला ठिपका, व्हॉल्व्हला दोन त्रिकोण नाकाला नाक लावून. प्रवाहाचे बाण. प्रत्येक तुकड्याला माप. खाली उजव्या कोपऱ्यात मटेरियल लिस्ट, आणि ती माझी खरी जागा. घराच्या नकाशात यादी करायला मिळत नाही. इथं मी न्हालो. पंचवीसचे एल्बो तीन, टी दोन. चाळीसचे एल्बो तीन. रिड्यूसर एक. पाइप सी क्लास, जाड भिंतीचा. व्हॉल्व्ह, फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाच्या जोड-चकत्या, दर जोडाला एक गॅस्केट आणि चार बोल्ट. भिंतीवरचे सपोर्ट.

अप्पा यादी घेऊन उभे राहिले. "दोन-चार नग जास्त घालावेत काय? लातुरात ह्या मापाचं सामान मिळत न्हाई. सोलापूरची गाडी आता पुढच्या आठवड्यात."

मी छाती पुढं काढली. "अप्पा, ही यादी आहे, वरातीचं जेवण नव्हे. एक बोल्ट उरला तर मी खाईन आणि एक कमी पडला तर माझी पाटी उतरवीन."

हे वाक्य नको होतं. माझ्या आयुष्यातली बरीच वाक्यं नको होती, पण ह्याला मिलवरचे सगळे साक्षीदार होते.

फिटर आले. पिकलेली दाढी, डोक्याला गुंडाळलेला गमछा, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. नांदेडच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी माझ्या ड्रॉइंगवरून पाइपचे तुकडे जोडून तयार केले होते आणि टाकीही तिथंच बनवून ट्रकनं आणली होती. वर्कशॉपनं टाकीच्या काठावर पांढऱ्या रंगानं मोठा बाण काढून ठेवला होता, उत्तर.

चाचांनी माझं आयसोमेट्रिक भिंतीला चिकटवलं आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले.

"साफ काढलंय साहेब. पहिलंच का?"

"छे. कित्येक काढलेत."

"अच्छा. मग शेवटच्या तुकड्यावर फील्ड वेल्डची खूण का न्हाई केली? आम्ही तरी चार बोटं पाइप ज्यादा सोडलाय. जाग्यावर कापून फ्लँज लावू."

"ते... तुमच्यावर विश्वास होता म्हणून लिहिलं नाही."

"मेहरबानी," चाचा म्हणाले, आणि दाढीत हसले.

शनिवारी चाचांनी टाकी स्टँडवर चढवली आणि चारी पायांचे बोल्ट बसवून हातानंच आवळले. पक्कं आवळणं पाइप जोडल्यावर. रविवारी सकाळपासून पाइप. कुकरची व्हॉल्व्हची रांग बसली. पाइप वर चढला. भिंतीकडेचे अठरा मीटर असे बसले जसे भिंत त्यांच्यासाठीच बांधली होती. मी मागं हात बांधून फिरत होतो. बॉयलरवाल्याला म्हणालो, "बघा, नुसत्या कागदावर हे सगळं आधीच घडून गेलेलं असतं. आता नुसती नक्कल चाललीय."

दुपारी चारच्या सुमाराला चाचांनी शेवटचा सहा मीटरचा तुकडा जोडला आणि शिडीवरच थांबले.

"साहेब, जरा वर या."

वर गेलो. पाइप टाकीपर्यंत आला होता, अगदी जिथं यायला पाहिजे तिथं. समोर टाकीचा सपाट पत्रा. तोंड नाही. शोधलं तर तोंड एका चतुर्थांश फेऱ्यावर, कंपाउंडच्या भिंतीकडं बघत बसलेलं, भिंतीत आणि त्याच्यात वीतभर जागा.

खाली अप्पा उभे. "काय झालं?"

"वर्कशॉपवाल्यांनी तोंड चुकीच्या अंगाला लावलं," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून आपोआप निघालं, विचार करायला थांबलं नाही.

चाचा शांतपणे म्हणाले, "वर्कशॉपला मीच उभा होतो. ड्रॉइंगमधी तोंड पूर्वेला. तोंड पूर्वेलाच हाय."

"मग पाइप पश्चिमेला जाताना पूर्वेच्या अंगाला कसा नाही लागला?"

"ते तुम्ही सांगा. कागद तुमचा."

अप्पांनी उपाय विचारला. चाचांनी बोटांवर हिशेब केला. पाइपला वळसा घालून त्या तोंडापर्यंत न्यायचा तर चाळीसचे तीन एल्बो आणखी लागतील. यादीत तीनच होते, ते तिन्ही लागून गेले. शिवाय भिंत मधे येते. टाकीला ह्या अंगाला नवीन भोक पाडायचं, जुनं बुजवायचं, तर आतला रंग जळणार, टाकी उतरवून परत नांदेडला. म्हणजे मंगळवार, कदाचित बुधवार.

"उद्या दोनच टँकर," अप्पा म्हणाले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. त्यांनी घाण्याजवळ थांबलेल्या माणसांकडं बघितलं. माणसं आमच्याकडं बघत होती. त्यातल्या एकानं खांद्यावरचं फडकं झटकून परत खांद्यावर टाकलं. बहुतेक खडीवर न्यायचं फडकं तेच असणार.

बॉयलरवाला म्हणाला, "पाटी कधी उतरवायची, साहेब? शिडी हाय इथं."

मी आवारात येऊन देवळाच्या पायरीवर बसलो आणि मुखेडची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते आठवायला लागलो. घरी जाऊन सांगायचं काय, त्याची एक चांगली गोष्टही जुळवायला घेतली होती. त्यात भूकंप होता.

चाचा हातपाय धुवायला आले. टँकरच्या तोटीखाली त्यांनी तांब्याभर पाणीच घेतलं आणि त्या तांब्याभरात असं काही धुतलं की मला वाटलं हा माणूस नांदेडचा नाही, वाळवंटातला आहे. मग डोक्याचा गमछा उतरवून आवारात अंथरला आणि नमाजाला उभे राहिले.

मी नुसताच बघत होतो. चाचा मक्केच्या दिशेला तोंड करून उभे. मक्का आपल्याकडून पश्चिमेला, हे मला शाळेतल्या दोस्तांकडून माहीत होतं. पश्चिमेला तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला. म्हणजे माझ्या मागच्या महादेवाची पन्हळ चाचांच्या उजव्या हाताकडं निघायला पाहिजे.

मी मागं वळून बघितलं. पन्हळ चाचांच्या पाठीकडं निघाली होती.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की चाचा चुकीच्या दिशेला उभे आहेत. साठ वर्षांचा माणूस, रोज पाच वेळा, आणि चुकतोय. मग मी त्यांच्या डोक्यावरून पुढं बघितलं. सूर्य समोर कलला होता, चाचांच्या अगदी तोंडासमोर, किंचित डावी-उजवी. सूर्य चाचांच्या बाजूचा होता. महादेव आणि मी एका बाजूला.

इतके दिवस मी त्या आवारात येत-जात होतो. सकाळी, संध्याकाळी. सूर्य उगवत होता, मावळत होता. पण एकदा कागदावर बाण ओढला की माणूस आकाशाकडं कशाला बघतोय.

चाचांनी गमछा झटकला. मी उठून त्यांच्याजवळ गेलो.

"चाचा, टाकी स्टँडवर बसवताना उत्तर कशावरून घेतली?"

"टाकीवर बाण होता ना. बाण उत्तरेला केला."

"पण उत्तर कळली कशी?"

चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना त्यांचंच नाव विचारलंय. "नमाज कुठं तोंड करून पढतो? तिकडं पश्चिम. मक्का आपल्याकडनं जरा उत्तरेला झुकती, तेवढं सवयीनं सोडून द्यायचं. मग उजवा हात उत्तर. यात काय कळायचं?"

"आणि पाइप लावताना बाण बघितला नाही?"

"पाइप भिंतीला लागतो, साहेब, बाणाला न्हाई. तुकडे तुमच्या मापाचे, भिंत एकच. जाईल कुठं?"

म्हणजे पाइप माझ्या खोट्या उत्तरेप्रमाणेच लागला होता, कारण तुकड्यांना दिशा कळत नाही, त्यांना फक्त एकमेकांची तोंडं कळतात. टाकी मात्र खऱ्या उत्तरेला बसली होती, कारण तिला चाचांनी बसवलं होतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे एक चतुर्थांश मी.

मी धावत अप्पांकडं गेलो. "अप्पा, तुमच्या महादेवाची पन्हळ पूर्वेला कशी?"

"का? महादेवानं काय केलं?"

"सांगा की."

"पूर्वी देवळाचं दार मावळतीला व्हतं, पन्हळ उत्तरेला. जिल्हा झाला, रस्ता रुंद करायला निघाले, देऊळ आडवं आलं. साहेब म्हणले, सरकवा. मग सरकवताना दार रस्त्याकडं केलं, उत्तरेला, लोकांना जाता-येता दर्शन व्हावं म्हणून. दार उत्तरेला असलं की पन्हळ पूर्वेला ठेवतात. आमच्या स्वामींनी विधी करून पाव फेरा दिला महादेवाला. ते काय तुम्हाला..." अप्पा थांबले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. तिन्ही भस्माच्या पट्ट्यांना एकदम आठ्या पडल्या. "तुम्ही पिंडीवरनं उत्तर घेतली?"

इथं मला खोटं बोलायला भरपूर जागा होती. टाकीला चार पाय मी मुद्दाम चौकोनात ठेवले होते, कुठल्याही बाजूला फिरवता यावी म्हणून, ही आधुनिक पद्धत आहे, असं काहीतरी तोंडावर आलंही होतं. पण घाण्याजवळची ती माणसं अजून उभीच होती.

"घेतली," मी म्हणालो. "चूक माझी. वर्कशॉपची नाही, चाचांची नाही."

बोलले ते चाचा, आणि माझ्याशी नाही, टाकीकडं बघत. "पाय चार. चारी सारख्या अंतरावर. पाव फेरा दिला तर भोकाला भोक लागतंय."

ही अक्कल मला सुचायला पाहिजे होती. मी कागदावर टाकी वरून काढली होती, चार पाय चौकोनाच्या चार कोपऱ्यांत. चौकोन पाव फेरा फिरवला तर चौकोनच राहतो. बुडातलं पंपाचं तोंड मधोमध, त्याला फिरण्याचा पत्ताच लागणार नाही.

"महादेवाला दिला तसाच?" अप्पा म्हणाले.

"तसाच. त्याच अंगानं," चाचा म्हणाले.

चेनपुली लावली. बोल्ट हातानंच आवळलेले म्हणून लगेच सुटले. टाकी चार बोटं उचलली, घाण्यावरची सहा माणसं कडेनं हात लावून फिरवायला लागली. ही टाकी इतकी जड होती की ती फिरताना माझ्या मते लातूरही थोडं फिरलं. चाचा एकटेच ओरडत होते, "हाव, आस्ते, आस्ते, बस." पांढरा उत्तरेचा बाण हळूहळू सूर्याकडं पाठ करत पूर्वेला गेला आणि तिथं थांबला. भोकाला भोक लागलं. आणि टाकीचं तोंड भिंतीकडून फिरून पाइपच्या समोर आलं, दोघांमधे एवढंच अंतर की चाचांनी सोडलेली चार बोटं कापून फ्लँज बसावा.

दिवेलागणीला शेवटचा वेल्ड पडला. बॉयलरवाल्यानं कुकरला वाफ सोडली. चाचांनी पहिलं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही. टाकीजवळचा जोड ढिला करून खाली सोडलं, कारण नव्या पाइपमधला गंज आणि वेल्डचा कचरा धुऊन जायला पाहिजे. ते गढूळ तांबडं पाणी माणसांनी घमेल्यांत धरलं आणि लिंबाच्या बुडात ओतलं. लिंबाला आता गटारातून काही मिळणार नव्हतं. त्याचा विचार ड्रॉइंग काढताना मी केला नव्हता, तो त्यांनी केला.

मग पाणी स्वच्छ आलं. जोड आवळला. सगळे कान लावून उभे. स्टीम ट्रॅपनं एकदा टक् केलं. मग थांबून परत टक्. प्रत्येक टक् म्हणजे साठलेलं पाणी सुटलं आणि वाफ आली तसं दार मिटलं. थोड्या वेळानं टाकीच्या कुशीतून धार पडल्याचा आवाज आला. पत्र्याची टाकी, आत उकळतं पाणी, आवाज असा, जणू कुणीतरी मोठ्या परातीत पाऊस ओतत होतं.

चाचा शिडीवरून उतरले. "साहेब, एक बोल्ट उरला न्हाई. एक कमी पडला न्हाई."

"मग पाटी?" बॉयलरवाल्यानं विचारलं.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "यादी बरोबर व्हती. उत्तरच तेवढी चुकली."

सोमवारी दोनच टँकर आले आणि घाणे संध्याकाळपर्यंत चालले. दुसरा टँकर अर्धा उरला होता. मी सांगताना पाऊण सांगतो.

आठवड्यानं अप्पांनी दुरुस्त केलेलं ड्रॉइंग मागितलं, जसं बसलं तसं, फायलीत ठेवायला. मी बाण खोडून खऱ्या दिशेला काढला, सगळ्या तिरक्या रेघा पुन्हा ओढल्या आणि नवा कागद मिलवर नेला. चाचा लाइन बघायला परत आले होते आणि त्यांच्या नांदेडच्या गाडीला वेळ होता, म्हणून ते देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी कागद उलगडला, आधी कोपऱ्यातला बाण बघितला, मग मान वर करून सूर्य बघितला.

"आता बरोबर," ते म्हणाले. "पण टाकीवर अजून पांढऱ्या रंगानं उत्तर लिवलंय, पूर्वेच्या अंगाला. ते कधी खोडणार?"

मी रंगाचा डबा शोधायला निघालो तर अप्पांनी अडवलं. "राहू दे तसंच. आमच्या मिलमधी महादेवाची उत्तर अन् टाकीची उत्तर एकच हाय. दोघांनी बरोबरच फेरा घेतला."

तो बाण मी लातूर सोडलं तेव्हाही तिथंच होता. मी मात्र त्यानंतर कुठल्याही कारखान्यात मोजमाप घ्यायला गेलो की दुपारी जात नाही. गेलोच तर आधी विचारतो, इथं कुणी नमाजी आहे का.